गुडघ्याचं ऑपरेशन आणि 'शेवटचे काही तास'

शनिवार, 6 जुलै 2024. रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या विहाराच्या ग्रुपवर एक मेसेज आला. धम्मगुरू दलाई लामा अमेरिकेत अत्यवस्थ आहेत, सगळे कार्यक्रम बंद आहेत, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, शेवटचे काही तास उरले आहेत, भिक्खूंनी प्रार्थना सुरू केल्या आहेत, उद्या सायंकाळी सातला घरोघरी मेणबत्ती लावा, असं त्यात होतं. सोबत एक फोटो आणि पिवळ्या-मरून चिवरातले शेकडो भिक्खू मंत्र म्हणत असल्याचा एक व्हिडिओ. वर दोन बाणांची खूण, म्हणजे हा मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला. पाठवणारे आमचे एक ज्येष्ठ काका, ज्यांनी आयुष्यात कुणाची खोडी काढली नसेल. सकाळपर्यंत त्याखाली चाळीस-पन्नास जोडलेले हात होते.

आमच्या ग्रुपमधल्या अनेकांनी दलाई लामांना प्रत्यक्ष पाहिलं आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये ते औरंगाबादला बौद्ध परिषदेसाठी आले होते, तेव्हा मंडपात बसून ऐकलेली माणसं ग्रुपवर आहेत. त्यामुळे हा मेसेज कुणी थट्टेवारी नेला नाही. रविवारी सकाळी वंदनेला लोक जमायच्या आत काहीतरी लिहिणं भाग होतं, आणि ते काम माझ्याकडे आलं.

पहिली इच्छा अशी होते की 'हे साफ खोटं आहे, फॉरवर्ड करू नका' असं ठोकून द्यावं. मी तसं लिहिलंही होतं, पाठवलं नाही, कारण तो मेसेज साफ खोटा नव्हताच. त्याचे तुकडे सुटे करून पाहिले तेव्हा बरेचसे तुकडे खरे निघाले. अफवा पुसणाऱ्याचं खरं काम तिथूनच सुरू होतं. ज्याने काकांच्या मेसेजमधली एखादी गोष्ट आधीच बातम्यांत वाचली आहे, त्याला तुम्ही 'सगळं खोटं' सांगितलंत की तो तुमच्यावरचा विश्वास काढून घेतो आणि उरलेलं खोटंही खरं मानायला लागतो.

पहिला तुकडा अमेरिकेचा. ते खरोखरच अमेरिकेत होते. जूनच्या सुरुवातीला त्यांच्या कार्यालयाने जाहीर केलं होतं की गुडघ्यांच्या उपचारासाठी ते अमेरिकेला जाणार आहेत. शुक्रवार, 28 जूनला न्यूयॉर्कच्या 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी' या हाडांच्या रुग्णालयात गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली आणि ती व्यवस्थित पार पडल्याचं कार्यालयाने त्याच दिवशी कळवलं. यात लपवलेलं काही नव्हतं.

दुसरा तुकडा होता कार्यक्रम बंद असण्याचा. हेही खरं. त्याच जूनच्या निवेदनात म्हटलं होतं की 20 जूनपासून पुढील सूचनेपर्यंत त्यांचे कोणतेही कार्यक्रम ठेवलेले नाहीत. माझ्या मते सगळी अफवा या एका वाक्यातून उगवली. कार्यालयाच्या भाषेत 'पुढील सूचनेपर्यंत' याचा अर्थ इतकाच की तारीख अजून ठरलेली नाही. पण आपल्याकडे हे शब्द लोक दवाखान्याच्या बाहेर उभं राहून वाचतात. सतत प्रवचनं देणारा माणूस दोन-अडीच आठवडे दिसत नाही, का ते कळतं, पण कधी दिसणार ते कळत नाही. ही मधली मोकळी जागा कुणीतरी भरणारच.

तिसरा तुकडा फोटोचा. मेसेजमध्ये एक फोटो होता, त्यात दोन सेवक दोन्ही बाजूंनी हात धरून त्यांना चालवत होते. हा फोटो पाहून आमच्याकडच्या एका ताईंना रडू आलं. पण गेल्या काही वर्षांतले त्यांचे फोटो काढून पाहा, बहुतेक ठिकाणी सेवक असेच हात धरून आहेत. गुडघे दुखत होते म्हणून तर ऑपरेशन करायचं ठरलं. ज्या फोटोवरून लोक मरणाचा अंदाज बांधत होते, तो फोटो फक्त गुडघ्याबद्दल बोलत होता.

चौथा तुकडा व्हिडिओचा, आणि यात मीही चकलो असतो. आमच्या विहारातली वंदना पालीतली, साधी, थेरवादी वळणाची. तिबेटी परंपरेतले विधी आम्हाला ओळखीचे नाहीत. शेकडो भिक्खू घनगंभीर आवाजात मंत्र म्हणतायत म्हटल्यावर आम्हाला ते अंत्यविधीसारखंच वाटतं. तिबेटी लोकांमध्ये गुरूला दीर्घायुष्य लाभावं म्हणून एक विधी असतो, त्याला तेनशुग म्हणतात. तो गुरू आजारी असताना करायचा विधी नव्हे. हिमाचलमधल्या धर्मशालेत, जिथे दलाई लामा राहतात, वर्षातून अनेकदा वेगवेगळ्या गावांचे आणि संस्थांचे लोक येऊन तो करतात आणि गुरू स्वतः समोर आसनावर बसलेले असतात. व्हिडिओ पुन्हा नीट पाहिला तर कोपऱ्यात ते आसनावर बसलेले दिसतात, हसतायत. ज्यांचे शेवटचे तास सुरू आहेत ते समोर बसून प्रसाद वाटत नाहीत.

उरला एकच तुकडा: 'डॉक्टरांनी आशा सोडली आहे.' याला कुठेही आधार नव्हता. कोणते डॉक्टर, कधी म्हणाले, कुणाला म्हणाले, काहीच नाही. चार खऱ्या गोष्टींच्या दोरीला बांधलेली ही पाचवी. आणखी एक दुवा शोधताना सापडला. जानेवारी 2016 मध्ये त्यांच्यावर अमेरिकेतच, मेयो क्लिनिकमध्ये प्रोस्टेटचे उपचार झाले होते. ती जुनी बातमी आणि हा नवा दौरा कुणाच्या तरी डोक्यात एक झाले असावेत, असा माझा तर्क आहे. तर्कच आहे, म्हणून मी तो ग्रुपवर लिहिला नाही.

आता खरं काय ते सांगणारं कोण, हा प्रश्न. आमच्यातला एक तरुण म्हणाला, 'एखाद्या मोठ्या चॅनेलवर किंवा सरकारकडून आलं तरच धरू.' ऐकायला रास्त वाटतं. पण मी त्याला 22 मार्च 1979 ची गोष्ट सांगितली, कारण ती मुंबईत घडली आणि आजच्या मुलांना माहीत नसते.

त्या दिवशी जयप्रकाश नारायण पेडर रोडच्या जसलोक रुग्णालयात होते. आणीबाणीच्या कैदेत असल्यापासून त्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली होती, डायलिसिसवर जगणं सुरू होतं. जेपी गेल्याची माहिती दिल्लीत पोचली आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत उभं राहून तसं जाहीर केलं. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली. आकाशवाणीने बातमी दिली. आणि जेपी जसलोकमध्ये जिवंत होते. सरकारला दिलगिरी व्यक्त करावी लागली. जेपी त्यानंतर साडेसहा महिने जगले आणि 8 ऑक्टोबर 1979 ला पाटण्यात गेले.

त्या दिवशी पंतप्रधान, संसद आणि आकाशवाणी यांच्यापेक्षा मोठा 'अधिकृत' स्रोत देशात नव्हता. तरीही त्या तिघांपेक्षा जसलोकच्या त्या मजल्यावर ड्यूटीवर असलेल्या नर्सला जास्त माहीत होतं. प्रकृतीच्या बातमीत सांगणारा किती मोठा आहे याला फारसा अर्थ नसतो, तो पलंगापासून किती हातांवर आहे ते बघायचं. पंतप्रधानांना कुणीतरी सांगितलं, त्याला आणखी कुणीतरी. दिल्लीपर्यंत पोचेतो मधे किती माणसं आली असतील आणि त्यातल्या एकाने तरी स्वतः पाहिलं होतं का, हे कुणी विचारलं नाही.

दलाई लामांच्या बाबतीत पलंगाच्या सर्वांत जवळ आहे त्यांचं स्वतःचं कार्यालय. उपचाराच्या वेळी त्यांचे लोक सोबत असतात, निवेदन नाव आणि तारीख घालून निघतं आणि dalailama.com या त्यांच्या संकेतस्थळावर येतं. त्याच्याही जवळ एक साक्षीदार होता: ते स्वतः. 6 जुलै हा त्यांचा वाढदिवस, 89 वा. त्याच दिवशी त्यांचा व्हिडिओ संदेश प्रसिद्ध झाला होता. त्यात ते म्हणतात की वय नव्वदीकडे चाललं आहे, पण गुडघ्याचा त्रास सोडला तर प्रकृती मुळात चांगली आहे. गंमत पाहा, आमच्या ग्रुपवर शेवटच्या तासांचा मेसेज आला तोही त्याच तारखेला.

रविवारी सकाळी सात वाजता मी जे पाठवलं ते असं होतं:

'नमो बुद्धाय, जय भीम. दलाई लामा यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया 28 जूनला न्यूयॉर्कमध्ये झाली. ती व्यवस्थित पार पडल्याचं त्यांच्या कार्यालयाने त्याच दिवशी कळवलं आहे. काल, 6 जुलैला, 89 व्या वाढदिवशी त्यांनी स्वतः व्हिडिओतून सांगितलं की गुडघ्याचा त्रास वगळता प्रकृती चांगली आहे. ते अमेरिकेत आहेत आणि सध्या त्यांचे कार्यक्रम बंद आहेत हे खरं आहे, कारण ऑपरेशननंतर विश्रांती लागते. काल रात्री फिरलेल्या मेसेजमधली गंभीर प्रकृतीची गोष्ट कार्यालयाच्या माहितीशी जुळत नाही. सोबतचा व्हिडिओ दीर्घायुष्याच्या प्रार्थनेचा आहे, तो विधी तिबेटी परंपरेत नेहमी होतो. ही माहिती 7 जुलै, सकाळी 7 पर्यंतची आहे. पुढे काही कळलं तर dalailama.com वर पाहून इथेच सांगेन. ज्यांना आज प्रार्थना करायची आहे त्यांनी जरूर करावी, पायाला लवकर बळ यावं म्हणून.'

वाचायला मिनिटभर लागतो. याच्या आधी तीन मसुदे झाले, त्यांत काय होतं आणि ते का काढलं ते सांगतो.

पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: 'दलाई लामा अत्यवस्थ असल्याची अफवा पसरली आहे.' ती काढली. मोबाईलच्या वरच्या पट्टीवर मेसेजचे पहिले सहा-सात शब्दच दिसतात आणि निम्मे लोक तेवढंच वाचून फोन खिशात टाकतात. त्यांना 'दलाई लामा अत्यवस्थ' एवढंच दिसलं असतं, म्हणजे मीच अफवा पुन्हा वाटली असती. म्हणून पहिल्या ओळीत गुडघा. याच कारणाने मी काकांच्या मेसेजला उत्तर म्हणून लिहिलं नाही. उत्तर दिलं की जुना मेसेज अवतरणासकट पुन्हा खाली येतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून वर लाल शिक्का मारायचाही मोह झाला होता. पण तो शिक्का पुढच्या ग्रुपवर जाईपर्यंत कुणीतरी कापून टाकतो, आणि उरते ती मूळ अफवा, अधिक स्वच्छ अक्षरांत.

दुसऱ्या मसुद्यात 'ते ठणठणीत आहेत' असं होतं. हे काढायला माझा मुलगा कारणीभूत. तो म्हणाला, 'पप्पा, 88 व्या वर्षी गुडघा बदललेला माणूस ठणठणीत असतो का?' आणि बरोबर होतं. गुडघा बदलणं म्हणजे आपण म्हणतो तशी नुसती वाटी बदलणं नसतं. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं काही मिलिमीटर तासतात आणि त्यांवर धातूची टोपणं बसवतात, मधे प्लास्टिकची जाड चकती. ऑपरेशन साधारण एक-दोन तासांचं. रुग्णाला बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, पण गुडघा नीट वाकायला आणि जिना चढायला कित्येक आठवड्यांचा व्यायाम लागतो. मधल्या काळात जंतुसंसर्ग होणं, पायात रक्ताची गुठळी होणं हे धोके असतात आणि उतारवयात ते जरा जास्त. म्हणजे दोन-अडीच आठवडे न दिसणं अगदी स्वाभाविक, आणि 'काहीच काळजी नाही' असं म्हणणंही धाडसाचं. जे कार्यालयाने म्हटलं नाही ते मी का म्हणावं? त्यांनी 'शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली' म्हटलं, मी तेवढंच लिहिलं.

तीनच महिन्यांनी याचा अर्थ मला जास्त कळला. 7 ऑक्टोबर 2024 ला रतन टाटा अत्यवस्थ असल्याच्या बातम्या फिरल्या. त्यांनी स्वतः निवेदन काढलं की वयामुळे तपासण्या सुरू आहेत, काळजीचं कारण नाही. 9 ऑक्टोबरला रात्री ब्रीच कँडीत ते गेले. ज्यांनी 7 तारखेला 'टाटांनी असं कळवलं आहे' एवढंच लिहिलं, त्यांचं वाक्य 10 तारखेलाही खरं राहिलं. ज्यांनी स्वतःच्या जिवावर 'एकदम फिट' म्हणून हमी दिली, त्यांना ते पुसावं लागलं. आमच्या मेसेजात 'सकाळी 7 पर्यंतची माहिती' असं आहे ते यासाठीच. प्रकृतीच्या बातमीला दुधासारखी तारीख असते. तारीख नसेल तर हाच मेसेज पुढच्या वर्षी कुठेतरी फिरत येईल आणि त्या दिवशी तो खोटा असू शकेल.

तिसऱ्या मसुद्यात मी एक वाक्य रागाने लिहिलं होतं, की ही चीनची चाल दिसते. यामागे अगदीच काही नाही असं नाही. पुढच्या दलाई लामांची ओळख कोणी ठरवायची यावर चीन सरकारने हक्क सांगितला आहे, 2007 साली पुनर्जन्माच्या मान्यतेसाठी सरकारी परवानगी लागेल असा नियमही काढला आहे, म्हणून त्यांच्या मृत्यूची प्रत्येक आवई राजकारणात जाऊन आपटते. पण आमच्या ग्रुपवर मेसेज टाकणारे होते काका, आणि त्यांचा बीजिंगशी काही संबंध नाही. माझ्याकडे पुरावा शून्य. तिकडे बोट दाखवलं असतं तर दिवसभर चर्चा चीनवर झाली असती आणि गुडघा बाजूला पडला असता.

काकांना मी मेसेज टाकायच्या आधी फोन केला. म्हटलं, 'काका, रात्रीचं ते जरा चुकीचं निघालं, मी सकाळी खरं काय ते टाकतोय, तुमचं नाव घेत नाही.' ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, 'मला तर त्या नाशिकच्या ग्रुपवरून आलं.' मी विचारलं, त्यांना कुठून आलं? ते ठाऊक नव्हतं. काकांनी स्वतःचा मेसेज डिलीट केला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्याला जवळजवळ अडीच दिवस ती सोय असते, आणि अ‍ॅडमिनलाही दुसऱ्याचा मेसेज काढता येतो. मी अ‍ॅडमिन म्हणून काढू शकलो असतो. पण 'हा मेसेज अ‍ॅडमिनने हटवला' अशी ओळ राहते, आणि ती ओळ पाहून उरलेले लोक विचारत बसतात की असं काय होतं त्यात.

आमच्याकडे वाचता न येणाऱ्या काही आजी आहेत, त्यांच्यासाठी तोच मजकूर मिनिटभराच्या आवाजात टाकला. त्यातल्या एका आजींनी वंदनेनंतर मला धरलं. म्हणाल्या, 'मी मेणबत्ती आणून ठेवली आहे, आता लावू का नको?' मी म्हटलं लावा की, गुडघ्यासाठी लावा. त्यांचेही दोन्ही गुडघे गेलेले आहेत. त्या म्हणाल्या, मग दोन लावते.

ऑगस्टमध्ये दलाई लामा न्यूयॉर्कजवळ हजारो लोकांसमोर बसले आणि महिनाअखेर धर्मशालेला परतले. मी जुन्या मेसेजच्या खाली, त्याच जागी एक ओळ लिहिली: '28 ऑगस्ट. धर्मशालेला पोचले.' सहा अंगठे आले. त्यातला पहिला काकांचा होता.